अहो, अगं आणि दाखल-खारीज रजिस्टर

दिवाळीत आमच्या पाटोद्याच्या घरी सगळा गोतावळा जमला होता. भाऊबीजेच्या सकाळी फराळाची ताटं वाढणं चाललं होतं. तेवढ्यात थोरल्या वहिनींच्या नातसुनेनं स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली, "अरे, तांब्या-भांडं घेऊन ये ना रे!" लग्नाला एक वर्षही झालेलं नाही, मुलगी पुण्याची, दोघं एकाच कॉलेजात शिकलेले. तिच्या तोंडून 'अरे' निघण्यात तिला काहीच वावगं वाटलं नसणार. वहिनींना मात्र वाटलं. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या वेळी नवऱ्याला अरे-तुरे करायची कुणाची टाप नव्हती. आपली रीत आहे काही!" पोरगी एकदम गप्प झाली. दुपारी माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "आजोबा, मी खरंच चुकले का?"

तेव्हा मी "होतं असं, मनावर घेऊ नकोस" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हे उत्तर शोभणारं नव्हतं. म्हणून हे टिपण. वहिनींना त्यांचा नातू वाचून दाखवीलच, त्यांनी रागावू नये ही विनंती.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती. तालुक्यातल्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. जून महिना, पहिलीचे प्रवेश चाललेले. दाखल-खारीज रजिस्टर समोर घेऊन मी बसलो होतो. एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाचं नाव सांगितलं, जन्म विचारला तर "मोठ्या दुष्काळातला, पोळ्याच्या आदल्या दिवसाचा" असं सांगितलं. म्हणजे १९७२. इथवर सगळं ठीक झालं. मग मी बापाचं नाव विचारलं. बाईंनी पदर पुढं ओढला आणि खाली बघत उभ्या राहिल्या. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पंढरपुरातल्या देवाचं नाव हाय."

मी ऐटीत 'विठ्ठल' लिहून टाकलं.

नवऱ्याचं नाव होतं पांडुरंग. हे कळलं ते दहा-अकरा वर्षांनी, मुलगा दहावी झाल्यावर. जातीच्या दाखल्यासाठी बापाचा सातबारा जोडला तर त्यावर 'पांडुरंग' आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'विठ्ठल'. आता या गोष्टीला गावात कुणी हसेल, पण कचेरीत कुणी हसत नाही. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातली नोंद अशी सहजासहजी खोडता येत नाही, आणि येऊही नये. प्रतिज्ञापत्र, अर्ज, राजपत्रातली जाहिरात, बीडच्या खेपा, असं सगळं त्या पोराच्या कपाळी आलं. चूक माझी होती म्हणून दोन खेपांना मी बरोबर गेलो. त्याच्या आईची माफी मागितली तर ती माउली म्हणाली, "मास्तर, म्या तर देव बरूबर सांगितला व्हता. नाव तुमचं चुकलं."

पुढं मी असं झालं की शेजारच्या बाईला किंवा पोरालाच बापाचं नाव विचारायचो आणि आईकडं पाहायचो. तिनं मान हलवली की लिहायचो. माझ्या पिढीच्या बहुतेक गुरुजींना ही युक्ती ठाऊक असेल.

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत तेव्हा खरोखर मानली जाई. आमच्या गल्लीत एका काकूंच्या यजमानांचं नाव सोमनाथ होतं. त्या सोमवारला सोमवार म्हणत नसत, 'महादेवाचा वार' म्हणत. लग्नाकार्यात उखाणा घ्यायला लावतात तो याच बंदीचा दुसरा भाग. एरवी जे तोंडात येऊ द्यायचं नाही ते चारचौघींत, यमक जुळवून, लाजत एकदा घ्यायचं. रोज नाव घेणाऱ्या बाईला उखाण्यात कसली आली गंमत!

आता नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर घरात हाक मारायची कशी? 'अहो'ला एवढं महत्त्व आलं ते इथून. तो शब्द काही नवराबायकोंसाठी जन्माला आलेला नाही. ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांना 'अहो' म्हणतात. आपण बसमध्ये अनोळखी माणसाला "अहो, जरा सरकता का" म्हणतो, शेजारणीला "अहो काकू" म्हणतो. म्हणजे ही साधी, आदराची, कुणालाही मारायची हाक आहे. पण तिच्यापुढं काका, काकू, मास्तर, पाटील असं काहीतरी येतं. बायको नवऱ्याला हाक मारते तेव्हा पुढं काही येत नाही. नुसतं 'अहो'. नावाची जागा रिकामी ठेवलेली असते आणि ती कोणाची आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. अशा रीतीनं सगळ्या गावाला लागू पडणारा शब्द एकाच माणसाचा होऊन बसला. वहिनींना त्यात मान दिसतो, तो आहेच. पण जवळीकही त्या रिकाम्या जागेतच आहे.

वर्गात मी मुलांना सांगायचो की 'रे' पुरुषासाठी, 'गं' स्त्रीसाठी आणि 'हो' दोघांसाठी. "ऐकलंस का रे", "ऐकलंस का गं", पण "ऐकलंत का हो". 'हो'बरोबर क्रियापद अनेकवचनी होतं आणि त्याला लिंग राहत नाही. याचा अर्थ असा की नवऱ्यानं बायकोला 'अहो' म्हणायला व्याकरणाची काडीचीही आडकाठी नाही. काही जुन्या देशमुखी, सरदारी घरांत नवरे बायकोला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत, अजूनही म्हणतात. तिथं तर लहान मुलांनाही 'तुम्ही' असतं. बाकीच्या घरांत मात्र बायकोनं 'अहो' म्हणायचं आणि नवऱ्यानं 'अगं'. हा 'गं'सुद्धा एकेकाळी एकटा नव्हता. ज्ञानेश्वरीत कृष्ण अर्जुनाला 'अगा' म्हणतो. 'गा' पुरुषाला आणि 'गे' बाईला, अशी ती जोडी होती. विदर्भात "काय गा" अजून ऐकू येतं. आपल्याकडं जोडीतला बाईचा तेवढा उरला.

रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या 'तू' आणि 'तुम्ही'वर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नुसता शब्द बघू नका, तो परत काय येतो ते बघा. दोघंही एकमेकांना 'तू' म्हणत असतील तर ती जवळीक. दोघंही 'तुम्ही' म्हणत असतील तर ते अंतर राखून दिलेला मान. एक 'तुम्ही' म्हणतो आणि उलट 'तू' येतो, तेव्हा एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली. मला हे फार पटलं. कारण आपल्याकडं मान आणि 'तुम्ही' यांची गाठ काही पक्की नाही. आपण देवाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो. आपल्या मराठवाड्यातल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला चक्क 'विठ्या' म्हणते. तिला विठ्ठलाबद्दल आदर नव्हता असं म्हणायची वहिनींचीही हिंमत होणार नाही!

आता 'आपली रीत' याविषयी. ही रीत कुणाची आणि कधीची, हे शोधायला बायकांनी स्वतः लिहिलेलं वाचावं लागतं. सुदैवानं मराठीत असं लेखन भरपूर आहे.

हरी नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी सांगते. कादंबरी लिहिणारा पुरुष असला तरी त्यांनी त्या काळच्या पुण्याच्या घरातली भाषा नेमकी टिपली आहे. ती १८९० पासून 'करमणूक'मध्ये छापून येत होती. त्या काळी अशा घरांतल्या बायका नवऱ्याला नावानं तर सोडाच, सर्वनामानंही ओळखत नसत. दिशेनं ओळखत. 'इकडून सांगणं झालं', 'इकडे आवडत नाही', 'इकडची स्वारी'. बोलण्यातून माणूस काढून टाकायचा आणि नुसती त्याची बाजू ठेवायची. क्रियापदसुद्धा 'आले', 'म्हणाले' असं नाही, तर 'येणं झालं', 'म्हणणं झालं'. करणारा कुणी नाहीच, काम आपोआप झालेलं! वर्गात हे समजावून सांगताना मला नेहमी त्रास पडे. पोरं विचारायची, "गुरुजी, पण आलं कोण?"

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० साली निघालं. न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. लग्न झालं तेव्हा, म्हणजे १८७३ मध्ये, त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती एकतीसचे. त्यांनीच बायकोला अक्षरओळख करून दिली, पुढं इंग्रजी शिकवलं, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकवलं. आणि ही शिकलेली बाई नवऱ्याविषयी पुस्तक लिहिताना त्यांचा उल्लेख करते तो 'स्वतः' असा. पहिल्यांदा वाचताना मी गोंधळलो होतो. 'स्वतः' म्हणजे लिहिणारीच ना? नाही, 'स्वतः' म्हणजे ते. आपल्यासाठी राखून ठेवायचा शब्द त्यांनी नवऱ्याला देऊन टाकला. याला मान म्हणायचं की जवळीक, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९३४ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला. रमाबाईंहून त्या फार लहान नव्हत्या, जेमतेम सहा वर्षांनी. शाळेचं शिक्षण नाही. पण त्यांच्या पुस्तकात रेव्हरंड टिळक सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'टिळक' आहेत. सरळ आडनाव. घरातले पैसे वाटून टाकणारे टिळक, न सांगता निघून जाणारे टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक. नवऱ्याकडं चार पावलं लांबून, डोळे मिटून न घेता बघायचं तर त्याला काहीतरी हाक लागते. 'इकडून' म्हणून भांडता येत नाही. 'टिळक' म्हणून येतं, आणि त्या भांडल्या. तरी त्या पुस्तकाइतकं नवऱ्यावरचं प्रेम मी दुसऱ्या मराठी पुस्तकात क्वचितच वाचलं असेल.

१९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं, तेव्हा पुलं तिथं 'भाई' होते. घरात, मित्रमंडळींत सगळेच म्हणत तेच नाव. 'स्वतः', 'टिळक', 'भाई' अशी ऐंशी वर्षांची सरळ वाट दिसते, आणि तशी ती लेखात मांडायला फार सोयीची आहे. पण सावित्रीबाई फुले मध्ये येतात आणि ती वाट मोडतात. त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं छापलेली आहेत. त्यातलं पहिलं १८५६ चं, आजारपणात माहेरी नायगावला असताना लिहिलेलं. त्याच्या मायन्यात नवऱ्याचं नाव आहे, 'जोतीबा', मागं आदराचं विशेषण लावून. रमाबाईंचा जन्मही झाला नव्हता तेव्हा एक बाई नवऱ्याचं नाव कागदावर लिहीत होती, आणि त्याला नमस्कारही करीत होती.

म्हणजे रीत एक नव्हती. वाड्यातली एक, मळ्यातली एक. छापली गेली ती बहुतेक वाड्यातली. मग तीच पाठ्यपुस्तकात आली, तिथून आमच्यासारख्या गुरुजींच्या तोंडी आणि आमच्या घरात.

मळ्यातली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपला तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात आणि उन्हाळा लागता लागता भरतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीवर, पण पैसे घेतो आणि अंगठा उठवतो तो नवरा. बाई त्या हिशेबात अर्धी आहे आणि कागदावर नाहीच.

वर्गातली अर्धी पोरं अशी आईबापांमागं जायची. त्यांची नावं पटावर ठेवावीत की काढावीत, म्हणून एका वर्षी आम्ही दोघे शिक्षक पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या भागात टोळी शोधत गेलो. रात्री कोप्यांवर मुक्काम केला आणि पहाटे फडात गेलो. अंधार असतानाच तोड सुरू झाली होती. पाच-सहा फुटांवर माणूस असला तरी उसात दिसत नाही, सगळा कारभार आवाजावर. नवरा तोडत पुढं जायचा, बायकोही तोडायची, मग पाचट सारून, ऊस गोळा करून, वाढ्यानं मोळी बांधायची आणि डोक्यावर घ्यायला त्याला बोलवायची. आमच्या बोलीत 'अहो'चं 'आवं' होतं. फडात त्याचंही नुसतं 'ओ' उरलं होतं. "ओ, मोळी!" तिकडून "आलो गं!"

मुकादम बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा मात्र ती हाक बंद झाली. बाईनं नुसता कोयता उसावर दोनदा वाजवला. नवरा आला.

आणि रात्री कोपीत, आम्ही बाहेर शेकत बसलो होतो तेव्हा तीच बाई आत म्हणत होती, "तू खा आधी. दिसभर काय खाल्लं न्हाईस." 'तू' आणि 'न्हाईस'. मी चमकलो, कारण मला वाटत होतं की नवऱ्याला 'तू' म्हणणं हे पुण्या-मुंबईच्या कॉलेजातलं खूळ आहे. सकाळी ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईला भीत भीत विचारलं, तर ती म्हणाली, "चारचौघांत आवं. कोपीत कुणाला दाखवायचंय?"

एकाच दिवसात, एकाच जोडप्यात तीन रीती. फडात कामापुरती हाक, मुकादमासमोर हाकच नाही आणि कोपीत 'तू'. तेव्हा कुणी कुणाला काय म्हणतं यावरून नात्याची परीक्षा करायची असेल तर आधी बघावं की ऐकतंय कोण. आमच्या नातसुनेचं चुकलं असेल तर एवढंच की तिनं कोपीतलं बोलणं भाऊबीजेच्या पंगतीत बोललं. पण तिच्या नवऱ्यानं उलट उत्तर काय दिलं तेही कुणीतरी ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, "आणतो गं, थांब." 'अरे'ला 'अगं'. हिशेब चुकता. वहिनींना 'अरे' खटकलं, 'अगं' नाही खटकलं. ते आम्हाला कुणालाच कधी खटकलेलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

माझ्याकडं बोट दाखवूनच पुरं करतो. आमचं लग्न १९७५ चं. सौभाग्यवतींनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. तिच्या 'अहो'चे सूर मला पाठ आहेत. लांबवलेला असला की किराणा संपलाय, तुटक असला की पाहुण्यांसमोर मी जास्त बोलतोय, आणि रात्री एकदाच, हळू आला की तिच्या छातीत धडधडतंय. दोन वर्षांपूर्वी असा आला होता, म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचलो.

हे टिपण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी मानानं म्हणते असं नाही, सवयीनं म्हणते. सुरुवातीला भीतीनं म्हणत होते." मग भाजी निवडता निवडता विचारलं, "इतकं सगळं लिहिलंत, तुम्ही कधी मला 'अहो' म्हणालात का?"

मी विचार केला, व्याकरणाची आडकाठी नाही म्हणून आपणच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी घसा साफ करून म्हटलं, "अहो, चहा झाला का?"

तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं, कोण आलंय म्हणून.